बिडाचा तवा

पावसाळाभर माळ्यावर पडलेला आईचा बिडाचा तवा आज खाली काढला. अंगभर तांबूस गंज. व्हिनेगर आणि पाणी निम्मे निम्मे घेऊन त्यात बुडवला आणि अर्ध्या तासात बाहेर काढला, कारण गंज संपला की आम्ल लोखंडच खायला लागतं. मग काथ्याने घासून धुतला आणि फडक्याने पुसून ठेवला. चहा घेऊन येईतो पुन्हा तांबूस झाक! पुसणं पुरत नाही, उघडं बीड लगेच आचेवरच वाळवायला हवं.

पुन्हा घासला, तापवला. मागच्या खेपेला तेल सढळ हाताने लावलं होतं आणि तवा चिकट झाला होता. या वेळी चमचाभर जवसाचं तेल चोळलं आणि चुकून लागलंय अशा थाटात सगळं पुसून काढलं. धूर येऊन थांबेपर्यंत तवा तापवला, निववला. असं चारदा. तेलाचा तो पातळ थर तापून कडक होतो, तेव्हाच तवा काळा दिसतो.

पहिलं घावन चिकटलंच. दुसरं कडेने आपोआप सुटलं. चिंचेचं काही मात्र महिनाभर त्यावर करायचं नाही.