मी दिलेली संमती

आमच्या घरी माझ्या दिलदारपणाची एक गोष्ट गेली काही वर्षे सांगितली जाते. पाहुणे आले आणि बोलणे खेळावर गेले की आमचे थोरले काका, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, ती हटकून काढतात. ती चालू असताना मी बहुधा पाण्याचा तांब्या आणावयास उठतो. पाहुण्यांना तो विनय वाटतो. वस्तुस्थिती निराळी आहे, आणि ती आता लिहून टाकावी असे वाटते.

सरावलीच्या आसपास भातकापणी आटोपली की खाचरे मोकळी होतात. पौष-माघापर्यंत जमीन दगडासारखी टणक होते, मधले बांध फोडून सपाट केले जातात, चुन्याच्या रेघा पडतात आणि टेनिसच्या चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. बोईसरच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेले लोक, कचेऱ्यांतले कारकून, महाविद्यालयातील मुले असे सर्व त्यांत असतात. 2016 सालच्या एप्रिलात अशाच एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मी आमच्या संघाचा कप्तान होतो. समोर समुद्रकाठच्या एका गावचा संघ होता. प्रत्येकी आठ षटके, आणि वेळ वाचावा म्हणून सर्व षटके एकाच टोकाकडून टाकावयाची, असा तेथील नियम होता. ज्या बाबतीत स्पर्धेचा स्वतःचा नियम नाही, तेथे क्रिकेटचे सर्वसाधारण नियम लागू, असे पत्रकावर छापलेले होते. हे शेवटचे वाक्य कोणी वाचीत नसे. मी वाचले होते, आणि त्याचा मला अभिमानही होता.

आम्ही प्रथम फलंदाजी केली. पाचव्या षटकाच्या शेवटी त्यांचा सर्वांत दांडगा फलंदाज सीमारेषेवर चेंडूमागे धावताना घोटा मुरगळून पडला. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो बाहेर गेला आणि त्याच्या जागी त्यांचा राखीव गडी आत आला. सतरा-अठरा वर्षांचा, अंगाने काटकुळा असा तो मुलगा होता. सबंध स्पर्धेत त्याने इतरांना पाणी दिले होते, हरवलेले चेंडू झुडपांतून शोधून आणले होते, पण बॅट हाती धरलेली कोणी पाहिली नव्हती. त्यांच्या कप्तानाने त्याला थर्डमॅनला उभे केले. तेथे तो तीन षटके उभा राहिला आणि तेवढ्यात दोनदा चेंडू त्याच्या हातांवरून उडून सीमेपार गेला. आमची मंडळी मोठ्याने हसली. मीही हसलो. आमच्या 71 धावा झाल्या, त्यांतल्या आठ त्या पोराच्या कृपेच्या, असे मी म्हटल्याचे मला स्मरते.

येथे नियमाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. सामन्यात गडी दुखावला तर त्याच्या जागी क्षेत्ररक्षणासाठी दुसरा गडी घेता येतो. त्याला प्रतिपक्षाने ना म्हणण्याचा प्रश्नच नसतो. पण हा बदली गडी गोलंदाजी करू शकत नाही आणि फलंदाजी तर मुळीच नाही. चेंडू अडविणे एवढेच त्याचे काम. त्याला बॅट मिळावयाची असेल तर एकच वाट आहे. नाणेफेकीपूर्वी कप्तानाने अकरा नावे लेखी द्यावयाची असतात, आणि त्या यादीतील नाव मागाहून बदलावयाचे तर विरुद्ध कप्तानाची संमती लागते. ती मिळाली की नवा गडी बदली राहत नाही, तो अकरांपैकी एक होतो. संमती नाकारली तर नाकारणाऱ्याला कोणी नियमाने दोष देऊ शकत नाही.

मध्यंतरात त्यांचा कप्तान माझ्याकडे आला. तो वयाने माझ्याहून मोठा होता, तरी हात जोडून म्हणाला, “साहेब, आमचा गडी खेळण्यासारखा नाही. पोराचे नाव त्याच्या जागी घालू द्याल काय? तुमच्या शब्दावर आहे.”

मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिले. दुखावलेला गडी मंडपात खुर्चीवर बसला होता. पाय दुसऱ्या खुर्चीवर होता, आणि मांडीवर बॅट आडवी होती. त्या बॅटीने माझा निर्णय केला. कारण मला नियमाचे आणखी एक कलम ठाऊक होते. सामन्यातच दुखावलेल्या फलंदाजाला धावण्यासाठी दुसरा गडी घेता येतो. अर्थात मी नाही म्हटले असते, तर हा मनुष्य एका पायावर उभा राहून बॅट फिरविणार, आणि त्याच्या धावा दुसरा काढणार. उपांत्य सामन्यात त्याने काय केले होते ते मी पाहिले होते. त्याच्या बदल्यात मला मिळत होता ते पोर, ज्याला सरळ येणारा चेंडू अडविता येत नव्हता. असा सौदा कोण नाकारील?

“खेळाडूवृत्ती म्हणून काही चीज आहे की नाही!” असे मी मोठ्याने म्हणालो, म्हणजे मंडपात ऐकू जावे इतक्या मोठ्याने, आणि संमती दिली. गुणलेखकाने यादीत खोडून नवे नाव लिहिले. ध्वनिक्षेपकावरून माझी स्तुती झाली. टाळ्या पडल्या.

त्यांच्या डावाचे सात षटकांचे वर्णन करीत नाही. शेवटचे षटक सुरू झाले तेव्हा त्यांचे आठ गडी बाद होऊन 63 धावा झाल्या होत्या. जिंकावयास नऊ हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर एक धाव निघाली. दुसऱ्यावर आमच्या गोलंदाजाने यष्टी उडविली. नववा गडी गेला. चार चेंडू आणि आठ धावा उरल्या, आणि मंडपातून तो मुलगा निघाला. बॅट त्याच दुखावलेल्या गड्याची होती व त्याच्या मानाने मोठी दिसत होती.

नवखा फलंदाज अशा वेळी डोळे मिटून बॅट फिरवितो, या समजुतीने मी सर्व गड्यांना सीमेवर पिटाळले. त्याने तसे काहीच केले नाही. चेंडूला बॅट नुसती टेकविली. टेनिसचा चेंडू हलक्या हाताला लागला की पायाशीच मरतो. तो पुढे पडला, आणि आमच्यापैकी जवळ कोणी येण्यापूर्वी दोघे एक धाव पळून मोकळे झाले. ही चूक माझी होती, गोलंदाजाची नव्हे. चौथ्या चेंडूवर दुसऱ्या टोकाच्या गड्याने चौकार मारला. पाचव्यावर त्याने दोन धावांसाठी जोर केला, परंतु आमची फेक उत्तम आली व एकीवरच त्यांना थांबावे लागले. आता एक चेंडू, दोन धावा, आणि समोर पुन्हा ते पोर.

मी या वेळी क्षेत्ररक्षण नीट लावले असे मला वाटले. एक धाव निघाली तर सामना बरोबरीत जातो, दोन निघाल्या तर हातचा जातो. म्हणून समोरचे गडी अर्ध्या अंतरावर आणले. मागे थर्डमॅनला मात्र आमचा सर्वांत लहान गडी ठेवला, कारण यष्टीच्या मागे हा मुलगा मुद्दाम काही मारील हे माझ्या स्वप्नातही आले नाही. गोलंदाजाला पायाशी टाक म्हणून सांगितले. त्याने तसाच टाकला. मुलगा किंचित सरकला, बॅटीचे तोंड उघडले, आणि चेंडू यष्टिरक्षकाच्या उजव्या बाजूने घसरत मागे गेला. आमचा गडी बरोबर त्याच्या वाटेत होता. तो गुडघा टेकून बसला. चेंडू त्याच्यापुढे दोन हातांवर आला आणि तेथून टुणकन उडून त्याच्या डोक्यावरून गेला.

मी तेथपर्यंत चालत गेलो. लोक नाचत होते, हलगी वाजत होती. ज्या जागी चेंडू उडाला तेथे वाकून पाहिले. खाचरातला जुना बांध तेथे पुरता फुटला नव्हता. वीतभर रुंदीची उंचट पट्टी राहिली होती, आणि वरून चिखलाचे सारवण केल्यामुळे ती दिसत नव्हती. त्या मुलाच्या हातांवरून दोनदा चेंडू उडाला होता तो याच जागी. मी त्याला ढिसाळ ठरविले. तो मात्र तीन षटके तेथे उभा राहून ती जागा शिकला होता.

बक्षीससमारंभात त्याला विचारले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “तिथे चेंडू मलाही फसवीत होता, सर. म्हटलं, तुमच्यालाही फसवील.”

आठवड्याने बोईसरच्या बाजारात त्यांचा कप्तान भेटला. दुखावलेल्या गड्याची चौकशी केली. घोट्याचे हाड मोडले होते, पाय प्लास्टरमध्ये होता. सामन्याच्या वेळी त्याला जमिनीवर टाच टेकवत नव्हती. मग मांडीवर बॅट कशाला होती? “पोराला द्यायची म्हणून तेल पुसत होता,” तो म्हणाला. म्हणजे मी नाही म्हटले असते तर त्यांचा संघ दहा गड्यांचाच राहिला असता, आणि शेवटच्या षटकातील दुसऱ्या चेंडूवर, नववा गडी बाद होताच, सामना संपून चषक आमच्या हाती आला असता. आमच्या गड्यांनी हा हिशेब मला अनेकदा मांडून दाखविला आहे. त्यांच्या मते मी भोळेपणाने चषक घालविला. अण्णांच्या मते उदारपणाने घालविला. दोन्ही पक्षांना मी दुरुस्त केले नाही.

2019 च्या ऑगस्टात लॉर्ड्सवरील कसोटी दूरदर्शनवर चालू होती. आर्चरच्या चेंडूने मान दुखावलेला स्मिथ अखेरच्या दिवशी खेळू शकला नाही, आणि त्याच्या जागी लाबुशेन फलंदाजीस आला. डोक्यास मार लागून भोवळ आल्यास बदली गड्याला फलंदाजीही करू द्यावी, हा नियम आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये त्याच महिन्यापासून लागू झाला होता, आणि कसोटीत असा बदली गडी प्रथमच खेळत होता. आल्याआल्या त्याच्या शिरस्त्राणाच्या जाळीवर चेंडू आदळला. तो पडला, उठला, आणि 59 धावा करून गेला. अण्णा सरसावून बसले.

“पाहिलेस? येथे विरुद्ध कप्तानाला कोणी विचारीतसुद्धा नाही. सामनाधिकारी ठरवितो. सगळेच तुझ्यासारखे असते तर असला नियम करावा लागला नसता.”

का कोण जाणे, त्या दिवशी मला ते ऐकवेना. “अण्णा,” मी म्हणालो, “मी त्या मुलाला खेळू दिले ते तो निकामी आहे असे वाटले म्हणून.” आणि खुर्ची, बॅट, पळणारा गडी, सगळे सांगितले.

अण्णांनी आवाज कमी केला. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

“त्या मुलाला हे ठाऊक आहे?”

“नाही.”

“दर दिवाळीला तुला फराळ आणून देतो तोच ना हा?”

“हो.”

“मग त्याला सांग. फराळ आणील तेव्हा नको. आधी सांग,” असे म्हणून त्यांनी आवाज पुन्हा वाढविला.