एकादशीची खिचडी

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात आषाढी एकादशीला चार वाड्यांच्या दिंड्या येतात. ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, ती म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळी इथंच येतात. तीनशे पान तरी होतं. फराळाचं काम पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मी तिशीतला होतो. शेतातली माणसं सांभाळतो, मग फराळ काय अवघड, असं वाटलं होतं.

आदल्या रात्री वीस किलो साबुदाणा मी एकाच मोठ्या पातेल्यात ओतला आणि भातासारखं वर दोन बोटं पाणी ठेवून घरी जाऊन झोपलो. पहाटे झाकण काढलं तर वरचा थर फुगलेला, मधला चिकट आणि तळाला नुसती खळ. हात घातला की मनगटापर्यंत लगदा. बाहेर टाळ वाजायला लागलेले आणि मी पातेल्यापुढं उकिडवा बसलेला.

सरूआत्या आली, तिनं एकदा पातेल्यात बघितलं, एकदा माझ्याकडं.

"आरं, भाताचं पाणी घातलंस व्हय ह्याला?"

मग तिनंच वाट काढली. वरचे मोकळे दाणे अलगद काढून घेतले, त्यांची खिचडी झाली जेमतेम साठ माणसांची. खालच्या लगद्यात उकडलेले बटाटे कुस्करले, शेंगदाण्याचं कूट, मिरची, जिरं घातलं आणि बाया वडे थापायला बसल्या. तेल कमी पडलं म्हणून घराघरातनं किटल्या आल्या. शेवटची पंगत बसायला दुपारचे तीन वाजले. तोवर सकाळपासून अनवाणी चालत आलेली माणसं एकेका केळ्यावर बसून होती. एक म्हातारे बुवा चक्कर येऊन भिंतीला टेकले. त्यांना गूळपाणी दिलं, पण मला त्या दिवशी मंदिरात वर मान करून बघता आलं नाही.

पुढच्या वर्षी आत्यानं मला शेजारी बसवून शिकवलं. साबुदाणा तीन पाण्यानं धुवायचा, पांढरं पिठूळ पाणी जाईपर्यंत. मग दाण्याच्या बरोबरीनं पाणी ठेवून अर्धा तास थांबायचं आणि उरलेलं सगळं निथळून टाकायचं. आणि एका भांड्यात कधी ठेवायचा नाही. वीस किलोला पाच पराती, प्रत्येकीत चार किलो, वर ओलं फडकं. ढीग उंच झाला की वरच्या वजनानं आणि खाली उतरलेल्या पाण्यानं तळ मरतो. सकाळी दाणा चिमटीत दाबायचा. सहज चपटा झाला तर झाला. मधे पांढरा खडा लागला तर पाण्याचा हबका मारून तासभर आणखी. दुकान बदललं की दाणाही बदलतो, म्हणून दोन दिवस आधी मूठभर भिजवून बघायचा. हे शेवटचं मी अनुभवानं जोडलं.

शेंगदाणे माझ्याच रानातले, उन्हाळी भुईमुगाचे. नव्या शेंगेत ओल असते, म्हणून दाणे दोन उन्हं दाखवल्याशिवाय भाजू नयेत. नाहीतर वरून करपतात आणि आत वातड राहतात. कूट साबुदाण्याच्या निम्मं, म्हणजे दहा किलो, आणि जाडसर. बारीक केलं की तेल सुटतं, गोळे होतात. कूट, मीठ, थोडी साखर आधी कोरड्या हातानं दाण्याला चोळून ठेवायची. कुटानं दाणा दाण्याला चिकटत नाही.

कढईत एका वेळी एकच परात. शेंगतेलात जिरं, हिरवी मिरची, बटाट्याच्या फोडी शिजल्या की साबुदाणा. दाणा काचेसारखा दिसला की उतरवायची. जास्त वेळ ठेवली तर चिवट होते. आणि खिचडी गार झाली की आवळून बसते, म्हणून पंगत बसल्यावरच पुढची कढई चढवायची.

पण नुसत्या खिचडीवर तीनशे माणसं काढायची नाहीत, हे त्या फजितीनं शिकवलं. आता बारा किलो भगर असते. ती आधी शिजवून झाकून ठेवता येते, म्हाताऱ्यांना गिळायला सोपी. तिच्यावर दाण्याची आमटी, आमसूल घातलेली. हळद कुठंच नाही. कोथिंबीर काही घरांत उपासाला चालते, काहींत नाही, म्हणून वेगळ्या वाटीत. भगर मात्र निवडून, जुनाट वास नाही ना हे बघूनच घ्यायची. उघडं पीठ आम्ही आणत नाही. पंचवीस डझन केळी आल्या-आल्या हातात देतो, पंगतीची वाट न बघता. ते बुवा माझ्या डोळ्यापुढनं जात नाहीत.

आत्या जाऊन नऊ वर्षं झाली. पराती आता सूनबाई लावते. तरी रात्री दोनला मला जाग येतेच. बॅटरी घेऊन देवळात जातो, फडकं उचलतो आणि पाचही परातींतला एकेक दाणा दाबून बघतो. सूनबाई म्हणते, "आबा, झोपा की." मी म्हणतो, "दाबून तरी बघू दे, पोरी."