माठाखालची ताटली

अकोल्याहून रत्नागिरीला आमची बदली झाली तेव्हा सामानाच्या मालमोटारीत पुस्तकांच्या खोक्यांइतक्याच काळजीने एक माठ चढवला गेला. तो आईंचा होता. आमच्या घरी फ्रिज पुष्कळ वर्षांपासून आहे. पण त्यातले पाणी आईंनी कधी तोंडाला लावले नाही. "दातं ठणकतात अन् तहान भागत नाही," एवढेच त्यांचे कारण. आम्ही उभयता वर्गात परंपरा आणि नवता या विषयावर तासन्‌तास बोलत असू आणि घरी येऊन निमूटपणे फ्रिजची बाटली उघडत असू. दोन्ही पाणी एकाच स्वयंपाकघरात सुखाने नांदत होती.

अकोल्यात माठाचे एक शास्त्र होते आणि ते आईंच्या हातात होते. कुंभाराकडे माठ घेताना त्या बोटाच्या पेराने टिचकी मारत. खणखणीत आवाज आला तर भाजणी नीट आणि तडा नाही. बद्द आवाज आला तर माठ परत. नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा, पहिली दोन-तीन पाणी झाडांना घालायची, मातीचा उग्र वास गेला की मग प्यायला घ्यायचे. जागा वाऱ्याची हवी, म्हणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्याऐवजी पडवीतल्या सावलीत तिवईवर माठ, भोवती ओले फडके, तोंडावर झाकण आणि पाणी काढायला ओगराळे. बाहेरून तैलरंगाने रंगवलेला माठ त्या कधीही घेत नसत. "त्याले श्वास कुठून?" असे त्यांचे म्हणणे असे.

आमच्या त्या खारपाणपट्ट्यात माठाला आणखी एक दुखणे जडे. पाण्यातले क्षार पाझरत बाहेर येत, पाणी उडून जाई आणि पांढरी पुटे माठाच्या अंगावर राहत. हळूहळू छिद्रे बुजत. अंग कोरडे लागू लागले आणि पाणी कोमट राहिले की आई काथ्याने माठ घासत. साबण मात्र लावू देत नसत, कारण त्याचा वास माती सोडत नाही. घासूनही अंग ओलावले नाही, तर त्या माठाची बढती तुळशीशेजारी झाडाच्या कुंडीत होई.

रत्नागिरीत एप्रिल उजाडला आणि माठाने दगा दिला. त्याचे अंग कोरडे नव्हते. उलट निथळत होते. तिवईखाली ठेवलेली पितळी ताटली, जी अकोल्यात उन्हाळाभर कोरडी असे, ती इथे सकाळपर्यंत काठोकाठ भरे. आणि पाणी? नळाचे तसे माठाचे. आईंनी माठ घासला, उन्हात वाळवला, जागा बदलली. नवा माठ आणला, तोही तसाच. "काहून बाप्पा, हा पाझरते पण निवत नाही," असे म्हणत त्या दिवसातून चारदा ताटली रिकामी करू लागल्या. आम्ही थट्टेने म्हटले, "आई, आता फ्रिजचे घ्या." त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पाणी पिणे कमी केले. हे आमच्या ध्यानात यायला तीन आठवडे लागले. तेही मेच्या पहिल्या आठवड्यात देवघरासमोर त्यांना भोवळ आली तेव्हा. डॉक्टरांनी तपासून विचारले, "आजी, दिवसात पाणी किती पिता?" आणि आम्ही दोघेही खाली पाहू लागलो.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हा विषय निघाला. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला : "ताटलीत पाणी साचतं का?" साचते म्हटल्यावर ते हसले. "मग माठ चांगला आहे, सर. तुमची हवा चांगली नाही." संध्याकाळी ते प्रयोगशाळेतला आर्द्रतामापी घेऊन घरी आले. एका लाकडी पट्टीवर शेजारी-शेजारी दोन तापमापी. एकाचा फुगा उघडा, दुसऱ्याच्या फुग्यावर ओल्या मलमलीचा वेढा. दहा मिनिटे पंख्याखाली धरल्यावर कोरडा ३३ अंश दाखवत होता, ओला २८. "ही ओली मलमल म्हणजेच तुमचा माठ," ते म्हणाले. "ओला तापमापी जिथे थांबतो, त्याच्या खाली माठाला जाता येत नाही." माठातले पाणी २९ भरले.

मग त्यांनी आम्हा साहित्यवाल्यांना झेपेल एवढा हिशेब मांडला. एक ग्रॅम पाणी उडून जाताना जेवढी उष्णता नेते, तेवढ्यात सुमारे ५८० ग्रॅम पाणी एका अंशाने निवते. म्हणजे १० लिटरचा माठ १० अंशांनी गार व्हायला जेमतेम पेलाभर पाणी उडावे लागते. भोवतालची उष्णता सतत आत येत असल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक. प्रश्न पाणी पाझरण्याचा नाही, उडण्याचा आहे. कोरड्या हवेत पाझरलेला थेंब ताटलीपर्यंत पोचतच नाही. समुद्राकाठची हवा आधीच पाण्याने भरलेली. ती थेंब घेत नाही, म्हणून तो खाली पडतो आणि गारवा न देताच जातो.

मेच्या अखेरीस काही कामाने आम्ही अकोल्याला गेलो, तेव्हा तो आर्द्रतामापी मागून घेतला. दुपारी सावलीत कोरडा ४३ अंश, ओला २३. शेजाऱ्यांच्या माठातले पाणी २५! दहा अंशांनी अधिक तापलेल्या गावातले पाणी चार अंशांनी अधिक गार होते. अंग कोरडे तर दोष माठाचा, ताटली भरली तर दोष हवेचा, हे निदान आईंच्या डोळ्यांपुढे रोज लिहिलेले होते. पण त्यांना अकोल्याची ओळ तेवढी वाचायची सवय होती, आणि आम्ही तर काहीच वाचले नव्हते.

यावर आम्ही जो उपाय काढला तो सांगायला आजही थोडा संकोच वाटतो. पहाटे आई उठण्यापूर्वी माठातले तीन लिटर पाणी काढून तेवढेच फ्रिजमधले, ५ अंशांचे, ओतू लागलो. उरलेल्या सात लिटरशी मिसळून ते २२च्या आसपास येई. अकोल्याच्या माठाहूनही थोडे गारच. आई पुन्हा तांब्याने पाणी पिऊ लागल्या. कोकणचा माठ रुळला, असे आम्ही मोठ्या मानभावीपणे म्हणालो.

आठवडाभराने त्यांनी ताटली पुढे केली. ती पूर्वीपेक्षा लवकर भरत होती. त्या दमट हवेत २७ अंशांखालच्या कोणत्याही वस्तूवर दव धरते, हे आम्हाला सहकाऱ्यांनी नंतर सांगितले. माठ आता आतून पाझरत होताच, शिवाय बाहेरची हवा त्याच्यावर पाणी सोडत होती. आणि सोडताना, उडणारा थेंब जी उष्णता नेतो तीच परत देत होती. म्हणून दुपारपर्यंत आमचा गारवा ओसरे. आईंना यातले शास्त्र ठाऊक नव्हते. त्यांना एवढे कळले होते की निवणारा माठ इतका भिजत नाही.

"फ्रिजचं ओतता ना रे?" त्यांनी विचारले. आम्ही होय म्हटले.

"मग दुपारी बी ओतत जा. सकाळचं तीनपर्यंत पुरत नाही."

त्या उन्हाळ्यापासून आमच्याकडे दोनदा पाणी ओतले जाते, उघडपणे. ताटली आई स्वतः रिकामी करतात आणि ते पाणी अकोल्याहून आणलेल्या तुळशीला घालतात.