फोटोतल्या फरश्या

सध्या भाड्याचं घर शोधतोय, त्यामुळे शनिवार फोटो बघण्यातच जातो. परवा कोथरूडचा एक वन बीएचके दिसला. बेडरूम काय ऐसपैस! पण वाइड अँगलने खोली फुगते, फरश्यांचा आकडा बदलत नाही. ही फरशी दोन बाय दोनची वाटत होती. मोजल्या, तर लांबीला पाच, रुंदीला साडेचार. म्हणजे 10 बाय 9. लांबीत सव्वासहा फुटी पलंग आणि दोन फूट खोल कपाट टाकलं की मधे उरतात पावणेदोन फूट. कपाटाचं दार उघडायचं की आपण उभं राहायचं? माळ्याचा तर फोटोच नाही.

बाल्कनीत लख्ख ऊन, बेडरूममध्ये मात्र ट्यूब चालू. आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा जरा जास्तच पांढरा. ओलीवर नवा रंग मारला की असंच दिसतं; काही दिवसांनी पोपडे सुटतात. अर्थात सावलीनेही रंग फसवतो, म्हणून ब्रोकरकडे दिवे बंद करून त्या भिंतीचा व्हिडिओ मागितला.

"साहेब, प्रत्यक्षच या ना!"

उद्या जातोय. भिंतीला हात लावून बघेन, आणि मेजरिंग टेपही नेतोय.