घाईची वाट

डांबराच्या गोळीचा वास ज्यास ठाऊक नाही, असा मनुष्य विरळा. आजीच्या ट्रंकेतील पैठणीस तो वास जन्माचा चिकटलेला असतो. ही गोळी म्हणजे नॅप्थॅलीन. 1826 साली लंडनमध्ये मायकेल फॅरडेने हे नॅप्थॅलीन गंधकाम्लाबरोबर तापविले, आणि त्यास एका पात्रातून दोन निरनिराळी आम्ले मिळाली. त्यांचे बेरियमचे क्षार करून पाहता एक क्षार ज्वालेने जळे, तर दुसरा नुसता धुमसत राही. पदार्थ तेच, पात्र तेच. मग अपत्ये दोन कशी? माझ्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी निघतो, आणि दरवर्षी त्याचे एक पाठ केलेले उत्तर मजकडे परत येते: "थंडीत अस्थिर पदार्थ होतो, उष्णतेत स्थिर." परीक्षेत या उत्तरास गुण मिळतात, हे मी जाणतो. परंतु ते वाचले की माझी लेखणी क्षणभर अडखळते.

नॅप्थॅलीनचा रेणू म्हणजे मधली भिंत सामायिक असलेल्या दोन षट्‌कोनी खोल्या समजा. भिंतीलगतच्या कोपऱ्यांस आल्फा म्हणतात व बाहेरच्यांस बीटा. गंधकाम्लातून आलेला सल्फॉनिक गट यांपैकी एका कोपऱ्यात जाऊन बसतो. मिश्रण 80 अंश सेंटिग्रेडवर ठेवले तर दहांपैकी सुमारे नऊ रेणूंत तो आल्फा कोपरा धरतो. 160 अंशांवर चित्र पालटते, आणि शंभरांत ऐंशीहून अधिक रेणू बीटा निघतात. या दोहोंत स्थिर तो बीटा.

आल्फा अस्थिर का, याचे कारण शेजार. भिंतीलगत बसलेल्या त्या धिप्पाड गटाच्या अगदी समोर पलीकडच्या खोलीतील हायड्रोजन उभा असतो, आणि दोघे एकमेकांस रेटीत राहतात. बाहेरच्या कोपऱ्यात अशी दाटी नाही. मग रेणू आधी त्या अडचणीच्या जागी जातोच का? कारण राहणे वेगळे आणि शिरणे वेगळे. गट येऊन चिकटतो त्या क्षणी जुना हायड्रोजन अजून सुटलेला नसतो, आणि रेणूवर धन विद्युत्‌भार आलेला असतो. तो भार जितका पसरेल तितका तो क्षण सुसह्य. हल्ला आल्फावर झाला, तर दुसऱ्या खोलीची बेंझीनसारखी घडण न मोडता भार पसरविण्याच्या दोन रीती उरतात. बीटावर झाला, तर एकच. म्हणून आल्फाकडे शिरणे सोपे आणि तेथे नांदणे कठीण.

हे फळ्यावर काढावयाचे तर मी घाटाची आकृती काढतो. उभ्या रेषेवर ऊर्जा आणि मध्ये नॅप्थॅलीनची दरी. डावीकडे एक ठेंगणी खिंड, तिच्यापलीकडे आल्फाची दरी. उजवीकडे थोडी उंच खिंड, तिच्यापलीकडे बीटाची आणखी खोल दरी. आकडे घालून पाहिले तर गंमत वाटते. 80 अंशांवर नऊास एक हे प्रमाण पडावयास दोन खिंडींच्या उंचीत मोलमागे अवघा दीड किलोकॅलरीचा फरक पुरतो. 160 अंशांवरच्या समतोलात पंच्याऐंशीस पंधरा हे प्रमाण धरले, तर दोन दऱ्यांच्या खोलीतला फरकही जवळजवळ तितकाच, दीड किलोकॅलरी निघतो. म्हणजे खिंडीपाशी आल्फास जेवढी सवलत, तळाशी बीटास तेवढीच.

आता कोणत्या फरकाची सत्ता चालावी? निघालेल्या रेणूस पलीकडची दरी किती खोल आहे हे दिसत नाही. त्याच्या वाट्यास येते ती खिंडीची चढण, आणि ठेंगण्या खिंडीतून अधिक रेणू पार होतात, इतकेच. ही वेगाची सत्ता. आमचे लोक तीस कायनेटिक कंट्रोल म्हणतात. परंतु आल्फाच्या दरीतून परतीची वाटही आहे. सल्फॉनिक गट सुटून नॅप्थॅलीन पुन्हा मोकळे होऊ शकते. ही परतीची चढण येतानाच्या चढणीहून मोठी असते, आणि ऊन वाढले की मोठी चढण लहान चढणीपेक्षा अधिक पटीने सुलभ होते. उदाहरणादाखल परतीची चढण 30 किलोकॅलरी धरा. 80 वरून 160 अंशांवर जाताच तिचा वेग सुमारे 2,700 पट वाढतो. 25 किलोकॅलरीच्या चढणीचा मात्र 700 पटच. अशा रीतीने 80 अंशांवर जी वाट व्यवहारात बंद असते, ती 160 वर उघडते. रेणू जातात, परततात, पुन्हा जातात. आणि ज्या दरीतून बाहेर पडणे सर्वांत कठीण, तेथे अखेर गर्दी साचते. ही समतोलाची, म्हणजे थर्मोडायनॅमिक सत्ता.

आमच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांस ही आकृती फार आवडली. तारुण्य उतावळे आणि प्रौढपण विचारी, असा अर्थ त्यांनी चहा पिता पिता काढला. मी त्यांस म्हटले, "बुवा, 160 अंशांवरचा रेणू विचारी नसतो, उलट अधिकच धावरा असतो. तो फक्त परत येऊ शकतो." त्यांस ते रुचले नाही.

त्या पाठ केलेल्या उत्तराविषयी माझी तक्रार हीच आहे. निर्णय थर्मामीटर करीत नाही. आपण दिलेल्या वेळात परतीची वाट उघडी होती की नव्हती, यावर तो ठरतो. तत्त्वतः 80 अंशांवरही पुरेसा काळ थांबलात तर आल्फा ओसरू लागेल. शिवाय थंडीत अस्थिर पदार्थच मिळतो हाही नियम नव्हे. पुष्कळ क्रियांत ठेंगणी खिंड आणि खोल दरी एकाच बाजूस असतात. तेथे थंडीत व उष्णतेत एकच पदार्थ मुख्य राहतो, आणि विद्यार्थी उगाच दुसरा शोधीत बसतो. नॅप्थॅलीनची मौज त्या दोन बाजू वेगळ्या आहेत म्हणून.

सत्ता कोणाची हे ओळखावे कसे? शुद्ध आल्फा आम्ल घेऊन ते गंधकाम्लात 160 अंशांवर ठेवावे, आणि दुसऱ्या पात्रात शुद्ध बीटा. दोहोंकडून निघून शेवटी एकच प्रमाण आले, तर तो समतोल. 80 अंशांवर काही तासांनी दोन्ही पात्रे जवळजवळ जशीच्या तशी राहिली, तर तेथे वेगाचे राज्य. कोणते आम्ल हाती आहे, हे जुने रसायनज्ञ ते कॉस्टिक सोड्याबरोबर वितळवून पाहत. आल्फापासून होणारे नॅप्थॉल सुमारे 96 अंशांवर वितळते, बीटापासूनचे सुमारे 122 वर. ही पारख मला अजून प्रिय आहे, जरी आज यंत्रे तेच काम काही मिनिटांत करतात.

रंगांच्या धंद्यात बीटा-नॅप्थॉलला मोठी मागणी, आणि तेथे उरलेले आल्फा ही पीडा. परंतु उपायही त्याच परतीच्या वाटेत सापडला. 160 अंशांच्या आसपास त्या रसात वाफ सोडतात. पाण्याच्या संगतीने गट सुटण्याची क्रिया दाटीतल्या आल्फात कितीतरी लवकर होते, बीटात सावकाश. आल्फाचे पुन्हा नॅप्थॅलीन होते आणि वाफेबरोबर उडून जाते. ते थंड करून पुढच्या घाणीसाठी परत घेतात. मात्र वाफ फार वेळ सोडली तर बीटाही सुटू लागते, म्हणून तिचा नळ वेळीच बंद करावा लागतो.