काचेचं वजन, दोन माणसं आणि तुमची कंबर

मे महिना आला की आमच्या ओपीडीत घर बदललेल्या मंडळींची गर्दी सुरू होते. कुणी कपाट ढकललेलं असतं, कुणी फ्रिज उचललेला असतो. गेल्या वर्षी एक चाळिशीचे गृहस्थ वाकूनच आत आले. मेव्हण्याबरोबर डायनिंग टेबलाची काच उचलताना कंबरेत उसण भरली होती आणि डाव्या पायात कळ जात होती. मी विचारलं, "काच किती किलोची होती?" ते म्हणाले, "काच ती काच डॉक्टर, किती असणार? दहा-पंधरा किलो."

तुम्हालाही तसंच वाटत असेल तर त्यात नवल नाही. लाकडी कपाट दिसतंच जड. काच मात्र पातळ असते, आरपार दिसते, त्यामुळे डोळे तिचं वजन कमी धरतात. प्रत्यक्षात काच पाण्याच्या अडीच पट जड असते. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि फक्त 1 एमएम जाड काच 2.5 किलो भरते. हाच आकडा लक्षात ठेवा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, जाडी एमएममध्ये, दोन्हींचा गुणाकार आणि त्याला पुन्हा अडीचने गुणायचं.

पण आपल्याकडे काचवाला स्क्वेअर फुटात बोलतो. त्यासाठी सोपी रीत अशी: स्क्वेअर फूट गुणिले एमएम, भागिले चार. हे उत्तर खऱ्या वजनापेक्षा सात-आठ टक्के जास्त येतं. पण उचलायच्या गोष्टीत चूक जास्तीच्या बाजूलाच झालेली बरी. जाडी काचेच्या कडेला पट्टी लावून मोजता येते. खिडकीला दोन काचा आणि मध्ये पोकळी असेल तर पोकळी सोडा, दोन्ही काचांची जाडी तेवढी मिळवा. आरशालाही हाच हिशोब.

आमच्या घरच्या टेबलाचंच उदाहरण घेऊ, कारण ते मलाही तिसऱ्या मजल्यावर न्यायचं होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. काच 6 फूट बाय साडेतीन फूट, जाडी 12 एमएम. क्षेत्रफळ 21 स्क्वेअर फूट. एकवीस गुणिले बारा म्हणजे 252, भागिले चार म्हणजे 63. मीटरमध्ये नीट मोजलं तर साधारण 58 किलो. एका मोठ्या माणसाएवढं वजन, आणि त्याला धरायला मूठ नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, आपण दोघं नेऊ की." त्याच्या मते वाटणी सरळ होती: प्रत्येकी 29 किलो.

वाटणी इतकी सरळ नसते. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हची ओझं उचलण्याविषयीची मार्गदर्शक सूत्रं आहेत. त्यांत पुरुषासाठी 25 किलो आणि स्त्रीसाठी 16 किलो धरतात, तेही वस्तू कंबरेच्या उंचीवर आणि अंगाशी घट्ट असेल तरच. दोघांनी मिळून उचलायचं असेल तर दोघांची बेरीज करून तिचा दोन तृतीयांशच भाग धरायचा, कारण दोन माणसांची पावलं, उंची आणि जोर कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दोन पुरुषांचे झाले सुमारे 33 किलो, नवरा-बायकोचे 27. हे आकडे म्हणजे कायदा नव्हे, आणि रोज काच वाहणारे कारागीर यापेक्षा जास्त उचलतात हेही खरं. पण तुम्ही-आम्ही वर्षातून एकदा उचलणारी माणसं. आपल्यासाठी 12 एमएमची काच असेल तर 11 स्क्वेअर फुटांच्या पुढे दोघांनी जाऊ नये. आमची काच जवळपास दुप्पट होती.

आता ते कंबरेचं बघू. तुमच्या पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर ओढतात. काच तुम्ही अंगापासून लांब धरता, कारण धार पोटाला लागेल अशी भीती असते. समजा ती मणक्यापासून 40 सेंटिमीटरवर आहे. म्हणजे तरफ आठ पट. मग 29 किलोसाठी स्नायूंना 230 किलोच्या आसपास ओढावं लागतं आणि तो सगळा दाब मणक्यामधल्या गादीवर येतो. त्यात वाकून कंबर पिळली गेली की गादीचं बाहेरचं आवरण फाटू शकतं. त्या गृहस्थांच्या पायातली कळ तिथूनच आली होती.

जिन्यावर हिशोब आणखी बिघडतो. काच उभी धरलेली असते, हात खालच्या कडेला आणि काचेचा मध्य हातांच्या वर पावणेदोन फुटांवर. सपाट जमिनीवर ओझं निम्मं-निम्मं असतं. जिन्याच्या उतारावर काच तिरकी झाली की तो मध्य खालच्या माणसाकडे सरकतो. आमच्या काचेचं मी कागदावर मांडून पाहिलं, तर खालच्या माणसावर जवळजवळ तीन चतुर्थांश, म्हणजे चाळीस किलोंहून जास्त येत होतं. आणि घरात बहुतेक वेळा खाली उभा राहतो तो वयाने मोठा, "मी सांभाळतो" म्हणणारा!

आम्ही काचवाल्याची चार माणसं बोलावली. दोघं खालच्या बाजूला, एक वर, आणि चौथा रिकाम्या हाताने वाट मोकळी करायला. काचेला चिकटणारे सक्शन कप त्यांनी आणले होते, त्यामुळे हाताला मूठ मिळाली आणि काच अंगाजवळ राहिली. वळणावर ते थांबत होते, काच लाकडाच्या पट्टीवर टेकवत होते, फरशीवर कधीच नाही. टफन्ड काच मध्ये दणकट असली तरी तिचा कोपरा फरशीवर आपटला तर सगळी काच एका क्षणात फुटू शकते.

पातळ काचेचा धोका वेगळा आहे. खिडकीची 5 एमएमची 4 बाय 3 फुटांची साधी काच पंधराच किलोची, दोघांना सहज झेपते. पण ती आडवी धरली तर स्वतःच्याच वजनाने मध्ये वाकते आणि तडकते, आणि साधी काच फुटली की लांब सुऱ्यांसारखे तुकडे होतात. ती उभीच न्यावी, घट्ट पकडीचे, सहज न कापणारे हातमोजे आणि बंद बूट घालून. आधीच आपसात ठरवून ठेवा: कुणी "सोड" म्हटलं की दोघांनीही सोडून मागे व्हायचं. घसरणारी काच पकडायला हात पुढे जातो आणि मनगट कापलं जातं. मनगटाच्या आतल्या बाजूला, कातडीच्या अगदी खाली, बोटं वाकवणाऱ्या कंडरा, नसा आणि रक्तवाहिन्या आहेत.

अशी जखम झाली तर स्वच्छ कापडाने थेट दाब द्या आणि हात उंच ठेवा. काच रुतलेली असेल तर ती उपटू नका, बाजूंनी दाबा. रक्त थांबलं म्हणून घरी बसू नका. एक-एक बोट वाकवून पाहा आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला हलका स्पर्श करून कळतंय का बघा. एखादं बोट वाकत नसेल किंवा बधिर असेल, तर वरून अर्धा इंचाचीच जखम दिसत असली तरी आत कंडरा किंवा नस तुटलेली असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा, आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते तिथे सांगा.