चित्रातला खांब कुठे गेला?

मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीचं चित्र गेल्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाईलवर फिरलं. पांढऱ्याशुभ्र भिंती, मागे भलीमोठी काचेची खिडकी, खाली चकचकीत फरशी. ते चित्र मी केलं होतं. आणि ते चुकीचं होतं. म्हणून ही पोस्ट.

खोली तुम्ही पाहिली असेल. चोवीस फूट लांब, चौदा फूट रुंद. रस्त्याच्या बाजूला दोन खिडक्या, समोरच्या भिंतीत वर एक झरोका, आणि मधोमध एक लाकडी खांब, वरची तुळई पेलणारा. गच्ची गळते म्हणून दोन पावसाळे खोली रिकामीच आहे. समितीनं ठरवलं की वर्गणी काढून दुरुस्ती करायची. लोकांना काही दाखवल्याशिवाय वर्गणी येत नाही, म्हणून मोबाईलवर फोटो काढला, फोटोवरून चित्र करून देणाऱ्या एआयच्या साधनात टाकला आणि खाली एवढंच लिहिलं: ‘या खोलीचं सुंदर, जुन्या वाड्यासारखं वाचनालय करून दे.’

अर्ध्या मिनिटात चित्र आलं. मी खूश, समिती खूश. गटावर टाकलं आणि संध्याकाळपर्यंत दहा-बारा जणांनी आकडे कळवले.

दुसऱ्या दिवशी आमचे निवृत्त मास्तर घरी आले. म्हणाले, ‘पंचवीस हजार देतो. फक्त माझी खुर्ची त्या मागच्या मोठ्या खिडकीपाशी ठेवा. डोळ्यांना आता उजेड कमी पडतो.’

मागे मोठी खिडकी आहेच कुठे? झरोक्यापलीकडे शेजाऱ्यांची भिंत आहे, मध्ये हातभर बोळ. चित्र पुन्हा नीट पाहिलं तेव्हा कळलं की खांबही गेलाय. छत फूटभर वर सरकलंय. भिंतीवरची ओल तर पार पुसली गेलीय. म्हणजे ज्या कामाला सगळ्यात जास्त पैसे लागणार, ती गच्चीची गळती, ती चित्रात नव्हतीच. मास्तरांना खरं सांगताना जीभ जड झाली. ते एवढंच म्हणाले, ‘मग आधी गच्ची करा.’

त्यानंतर चार रात्री मी हेच करत बसलो. जे शिकलो ते सांगतो, कारण उद्या अंगणवाडी, समाजमंदिर, व्यायामशाळा, सगळ्यांचीच अशी चित्रं येणार आहेत.

पहिली गोष्ट. हे साधन तुमची खोली मोजत नाही. फोटोत दिसतं त्यावरून आणि पूर्वी पाहिलेल्या लाखो चित्रांवरून ‘अशा खोलीत साधारण काय असतं’ ते रंगवतं. सुंदर वाचनालयाच्या मधोमध खांब सहसा नसतो, म्हणून त्यानं तो काढून टाकला. काय बदलायचं हे मी सांगितलं होतं, काय बदलायचं नाही हे सांगितलंच नव्हतं. खरी मेहनत त्या दुसऱ्या भागात आहे.

दुसरी गोष्ट, शैलीचं नाव. मी ‘वाड्यासारखं’ लिहिलं तर कमानी, रंगीत काचा, झुंबर असं काहीतरी राजस्थानी हवेलीसारखं आलं. एका शब्दामागून त्याची सगळी वरात येते. मग ‘झुंबर नको’ लिहिलं, तरी झुंबर आलंच. बऱ्याच साधनांना ‘नको’ नीट कळत नाही, नुसता ‘झुंबर’ शब्द कळतो. त्यापेक्षा तिथे काय हवं ते सांगायचं: सपाट छत, दोन पंखे. आणि शैलीच्या नावाऐवजी माल सांगायचा: चुना, सागवान, कोटा फरशी, वेत.

तिसरी, फोटो. पहिला फोटो मी मोबाईलच्या रुंद भिंगानं काढला होता. त्यात खोली हॉलसारखी दिसते. दुसऱ्यांदा साध्या भिंगानं, दारात उभं राहून, छातीच्या उंचीवरून, मोबाईल सरळ धरून काढला. दुपारच्या उजेडात, दिवे बंद. जमीन, छत आणि खांब वरपासून खालपर्यंत दिसेल असा.

शेवटी जी सूचना लिहिली ती अशी:

‘ही खोली आहे तशीच ठेव. कॅमेऱ्याची जागा, छताची उंची, मधला लाकडी खांब, वरची तुळई, डावीकडच्या दोन खिडक्या आणि समोरच्या भिंतीतला लहान झरोका यांची जागा व आकार बदलू नकोस. समोरच्या भिंतीत दुसरी खिडकी नाही. फक्त पृष्ठभाग आणि सामान बदल. भिंतींना पांढरा चुना, खाली करडी कोटा फरशी, खांब व तुळई तेल लावलेल्या सागवानाची. उजव्या भिंतीला खांबाच्या निम्म्या उंचीचं पुस्तकांचं कपाट. खांब आणि कपाट यांच्यामध्ये एक लांब टेबल, दोन्ही बाजूंना वेताच्या खुर्च्या. छताला दोन पंखे. उजेड फक्त डावीकडच्या खिडक्यांतून.’

कपाटाची उंची फुटांत दिली नाही, कारण फूट त्याला समजत नाही. फोटोतल्या वस्तूच्या तुलनेत सांगितलं तर बरंच जमतं. काही साधनांत किती बदल करायचा याचा 0 ते 1 असा आकडा असतो. तो 0.3 च्या आसपास ठेवला तर रंगच काय ते बदलतात, 0.8 च्या पुढे नेला की भिंती सरकायला लागतात. मी मधून सुरुवात केली.

तरी तिसऱ्या चित्रात झरोका रुंद झालाच. म्हणून आता मूळ फोटो आणि चित्र शेजारी ठेवून मोजतो: खिडक्या किती, खांब आहे का, तुळई भिंतीला त्याच जागी टेकते का.

आणि शेवटची परीक्षा खडूची. चित्रात टेबल झकास बसलं होतं. प्रत्यक्षात खांबापासून उजवी भिंत सात फूट. कपाटाची खोली सव्वा फूट, टेबल तीन फूट. दोन्ही बाजूंना मिळून उरले पावणेतीन फूट. त्यात खुर्च्या टाकल्या तर माणूस बसणार कसा? जमिनीवर खडूनं आखलं तेव्हा दोन मिनिटांत दिसलं. आता दोन फुटी टेबल आणि एकाच बाजूला खुर्च्या.

2016 च्या रेरा कायद्यात कलम 12 आहे. बिल्डरच्या जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते. वर्गणी काढणाऱ्या आमच्यासारख्यांना तो कायदा लागू नाही. म्हणून आपणच नियम करू या. समितीत मी मांडलाय आणि तो मंजूर झालाय: गटावर चित्र टाकायचं तर शेजारी मूळ फोटो हवा, ‘हे काल्पनिक चित्र आहे’ ही ओळ हवी, आणि चित्रात न दिसणाऱ्या कामांची यादी खाली हवी.

आमच्या यादीत पहिलं नाव गच्चीचं आहे. नवीन चित्र आणि मूळ फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. जुनं चित्र पाहून ज्यांनी आकडे कळवले, त्यांनी हे पाहून पुन्हा ठरवावं. कमी केले तरी राग नाही.

मास्तरांनी पंचवीस हजार तसेच ठेवलेत. त्यांची खुर्ची रस्त्याकडच्या पहिल्या खिडकीपाशी. ती खिडकी खरी आहे.